साहेब, आमचा स्प्रेड कमी करा

गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जातो आणि मोबाइलवर मेसेज येतो. तो आपण वाचतो तो हप्ता गेला की अडकला एवढं बघायला. त्यात रक्कम असते, तारीख असते, व्याजदर नसतो. त्यामुळे आपण किती टक्क्यांनी कर्ज फेडतोय हे विचारलं, तर निम्मी माणसं कर्ज घेतलं त्या वर्षीचा आकडा सांगतात. आम्हीही तोच सांगत होतो. सव्वाआठ.

प्रत्यक्षात आमचा दर तेव्हा ८.६० टक्के होता. आमच्याच इमारतीत नव्याने फ्लॅट घेतलेल्या जोडप्याला आमच्याच बँकेने, आमच्याच शाखेतून, ७.६० टक्क्यांनी कर्ज दिलं होतं. इमारत तीच, बँक तीच आणि आमची सहा वर्षांची फेड वर. तरी एक टक्का जास्त आम्ही भरत होतो. हे सोसायटीच्या सभेनंतर चहा पिताना कळलं, म्हणजे कळायला नको तिथे कळलं. बँकेने कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याचं तिला कारणही नव्हतं.

पुढे जे झालं त्यातून आमचा दर जवळपास एक टक्क्याने उतरला. मधल्या काळात एका एजंटने आमचं काम बिघडवलं, एका दुसऱ्या बँकेच्या स्वस्त कर्जात विम्याचा हप्ता निघाला आणि आमच्याच बँकेचं तोंडी 'हो' हवेत विरलं. कोणाला यातून जायचं असेल तर खड्डे कुठे आहेत ते आधी कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी आकडे सांगते. आम्ही २०१९च्या नोव्हेंबरमध्ये नाशिकला फ्लॅट घेतला. किंमत ४८ लाख, कर्ज ३८ लाख, मुदत वीस वर्षं, हप्ता ३२,३८० रुपये. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापाला जोडायला लावली होती. बहुतेक बँकांनी ते माप म्हणून रेपो दर घेतला. त्यामुळे आमच्या मंजुरीपत्रात व्याजदर असा लिहिलेला होता : रेपो ५.१५ अधिक स्प्रेड ३.१०, एकूण ८.२५.

सगळा खेळ या एका ओळीत आहे. रेपो आपल्या हातात नाही आणि बँकेच्याही नाही. तो मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर गेला, आणि २०२५ च्या जूनपर्यंत पुन्हा ५.५० वर उतरला. त्याच्याबरोबर आमचा दरही खालीवर होत राहिला. स्प्रेड मात्र पहिल्या दिवशी ३.१० होता आणि सहा वर्षांनीही ३.१०च होता. दरम्यान बँकांमधली चढाओढ वाढली, नव्या गिऱ्हाइकाला दोन-सव्वादोन टक्के स्प्रेडवर कर्ज मिळू लागलं. जुनं गिऱ्हाईक जुन्याच स्प्रेडवर राहिलं. 'रेपो कमी झाला, आता आपलंही कमी होईल' असं म्हणत आम्ही बातम्या बघत होतो. कमी व्हायचंही, पण शेजाऱ्याचंही तेवढंच कमी व्हायचं. फरक होता तो स्प्रेडमध्ये, आणि तो बातम्यांत येत नाही.

माझे दीर एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना मंजुरीपत्र दाखवलं तर चष्मा न लावता म्हणाले, "वहिनी, व्याजदर कमी करा असं म्हणू नका. स्प्रेड कमी करा म्हणा. व्याजदर म्हटलं की ते रेपोची गोष्ट सांगत बसतात."

त्यांनी नियमही समजावून सांगितला. स्प्रेडचे दोन भाग असतात. एक म्हणजे कर्जदाराच्या जोखमीपोटी लावलेला अधिभार. तो कर्जदाराची पत ठळकपणे बदलली तरच बदलता येतो. उरलेला भाग बँकेच्या खर्चाचा आणि नफ्याचा. तो तीन वर्षांतून एकदाच बदलावा असा नियम होता. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने त्यात सूट दिली. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी, योग्य कारण असेल तर, बँक हा दुसरा भाग तीन वर्षांच्या आतही कमी करू शकते. म्हणजे कमी करायला बँकेचे हात बांधलेले नाहीत. पण ते बंधनकारकही नाही, हे नीट लक्षात ठेवा. 'नियमाप्रमाणे कमी कराच' असं म्हणत शाखेत गेलात तर हसून परत पाठवतील.

जोखमीचा भाग पत सुधारली तर बदलतो, म्हणून आपली फेड दाखवायची. उरलेला भाग गिऱ्हाईक जाईल या भीतीने बदलतो, म्हणून दुसऱ्या बँकेचा देकार दाखवायचा. दोन कागद दोन वेगळ्या गोष्टींवर काम करतात. एकच घेऊन गेलं तर अर्धंच काम होतं.

(तुमचं कर्ज २०१९च्या ऑक्टोबरआधीचं असेल तर मंजुरीपत्रात एमसीएलआर किंवा बेस रेट असा शब्द दिसेल. तसं असेल तर आधी रेपोशी जोडलेल्या कर्जात बदलून मागा, स्प्रेडचं नंतर. आणि कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असेल तर तिला रेपोला जोडण्याची सक्ती नाही. तिचा स्वतःचा एक मूळ दर असतो आणि त्यातून तुम्हाला सूट दिलेली असते. तिथे 'सूट वाढवा' असं मागायचं.)

मग मी आमची फेड तपासायला बसले. एकही हप्ता चुकला नव्हता, याची मला खात्री होती. कर्जखात्याचा उतारा काढला, तोही स्वच्छ निघाला. बँकेला मात्र तेवढंच पुरत नाही. ती सिबिलचा अहवाल बघते, आणि त्यात फक्त गृहकर्ज नसतं. वर्षातून एकदा हा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात प्रत्येक खात्यापुढे महिन्यांच्या चौकटी असतात, दर चौकटीत तीन आकडे. वेळेवर भरलं असेल तर '०००'. उशीर झाला असेल तर तितके दिवस. आमच्या गृहकर्जाची सगळी रांग शून्यांची होती. खालच्या एका जुन्या क्रेडिट कार्डाच्या रांगेत एक '०६१' बसलेला होता.

हे कार्ड यांनी दोन वर्षांपूर्वी लेखी अर्ज देऊन बंद केलं होतं. ज्या बँकेचं ते कार्ड, तिने बंद करण्याआधी वार्षिक शुल्काचे ५९० रुपये लावले आणि आम्हाला न कळवता थकबाकी म्हणून नोंदवले. पाचशे नव्वद रुपयांनी सहा वर्षांच्या शून्यांवर डाग पडला होता. आम्ही बंद करण्याच्या अर्जाची पोच जोडून सिबिलकडे तक्रार नोंदवली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. नोंद दुरुस्त झाली आणि गुण ७८१ झाले. पोच नसती तर काय केलं असतं कोण जाणे. म्हणून बँकेत पाऊल टाकायच्या आधी अहवाल काढा, आणि कर्जात नवरा-बायको दोघं असाल तर दोघांचाही काढा. आपली फाइल त्या दोघांतल्या कमी गुणांवर तोलली जाऊ शकते.

त्यानंतर एजंटचा घोळ झाला. यांच्या ऑफिसात येणाऱ्या एका कर्ज एजंटने सांगितलं, "ताई, तुम्ही फक्त पॅन आणि पगाराच्या तीन स्लिपा द्या, सगळ्यात कमी रेट मी शोधून देतो." आम्हाला वाटलं, तो विचारपूस करेल. त्याने एकाच आठवड्यात पाच ठिकाणी आमचे अर्ज टाकले. प्रत्येक ठिकाणाहून सिबिलवर चौकशी पडली. अहवालाच्या शेवटच्या पानावर पाच नावं, पाचही गृहकर्जाची. बघणाऱ्याला वाटावं, हे दांपत्य पैशासाठी दारोदार फिरतंय. गुण ७८१ वरून ७६२ वर आले. ज्या बँकेचा देकार आम्हाला खरोखर हवा होता, तिचा सर्वांत स्वस्त टप्पा ७७५ गुणांपासून सुरू होत होता. अनेक बँका असे गुणांप्रमाणे टप्पे ठेवतात आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर छापलेलेही असतात. पहिल्यांदा वाचायला हवं ते तेच. एजंटला फोन केला तर म्हणाला, "थोड्या दिवसांनी वाढतील परत." तेवढं मात्र त्याने खरं सांगितलं. काही महिने नवीन कुठे अर्ज न करता थांबलो आणि गुण पुन्हा ७७५ च्या वर गेले.

स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर गुण कमी होत नाहीत. बँकेने अर्जापोटी काढला तर होऊ शकतात. एका बँकेत, फार तर दोन बँकांत, स्वतः जाऊन अर्ज करावा. बाकीच्यांचे दर संकेतस्थळावरून लिहून घ्यावेत. ते बोलण्यात उपयोगी पडतात, कागद म्हणून नाही.

कारण बँकेच्या जाहिरातीतल्या '७.३५ पासून पुढे'ला कोणी विचारत नाही. मी पहिल्यांदा शाखेत गेले तेव्हा दुसऱ्या बँकेचं पत्रक नेलं होतं. कर्ज विभागातल्या साहेबांनी ते उलटसुलट करून परत दिलं. "मॅडम, हा दर तुम्हाला मिळेलच असं कुठे लिहिलंय?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांना हवं असतं ते मंजुरीपत्र : तुमचं नाव, तुमचा फ्लॅट, तुमची रक्कम आणि त्यापुढे दर.

ते मिळवलं. दुसऱ्या बँकेने आमची शिल्लक रक्कम, म्हणजे साडेबत्तीस लाख, ७.५० टक्क्यांनी घ्यायची तयारी दाखवली. स्प्रेड २.००. इथे आमच्या बाजूने एक गोष्ट होती. सहा वर्षांत फ्लॅटची किंमत वाढली होती आणि कर्ज थोडं का होईना घटलं होतं. त्या बँकेच्या मूल्यांकनकाराने फ्लॅट ६२ लाखांचा धरला. २०१९मध्ये कर्ज किमतीच्या ७९ टक्के होतं, आता ५२ टक्के. बँकेच्या दृष्टीने आमचं कर्ज पूर्वीपेक्षा बरंच सुरक्षित झालं होतं. हा आकडा पुढे आमच्या पत्रात गेला आणि चांगला उपयोगी पडला. ज्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, तिथल्या लोकांना मात्र दुसऱ्या बँकेचा देकार मिळणंच अवघड जातं. त्यांची बँक हे ओळखून असते.

मंजुरीबरोबर मुख्य तथ्यपत्रक मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासाठी ते देणं बंधनकारक आहे. दर, स्प्रेड, सगळे आकार आणि ते धरून पडणारा वार्षिक खर्च, हे सगळं त्यात एका जागी येतं. आमच्या तथ्यपत्रकात कर्जाची रक्कम साडेबत्तीस लाखांऐवजी ३३ लाख ३८ हजार लिहिलेली दिसली. वरचे ८८ हजार कसले? कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता, कर्जातच मिळवलेला. म्हणजे विम्यावरही चौदा-पंधरा वर्षं व्याज भरायचं. विचारल्यावर उत्तर आलं, "सगळेच घेतात मॅडम." कर्ज देण्यासाठी विशिष्ट विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. यांचा स्वतंत्र टर्म विमा होताच. त्याची प्रत जोडून विमा नको असं लेखी दिलं, तेव्हा रक्कम साडेबत्तीस लाखांवर आली. दर तोच राहिला. विमा वगळल्यावर दर वाढला असता, तर तो दर खरा नव्हताच असं समजायचं.

आता पत्र. बोलून काही होत नाही. साहेब बदलतात आणि तुमचं बोलणं त्यांच्याबरोबर जातं. आम्ही असं लिहिलं :

"आमचे गृहकर्ज नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या शाखेत आहे. आजपर्यंत एकही हप्ता उशिरा गेलेला नाही. खातेउतारा व सिबिल अहवाल जोडला आहे. मंजुरीच्या वेळी कर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ७९ टक्के होते, आज ते ५२ टक्के आहे. सध्याचा स्प्रेड ३.१० आहे. नवीन ग्राहकांना आपली बँक याहून बराच कमी स्प्रेड देत आहे. दुसऱ्या बँकेने आम्हाला २.०० स्प्रेडने कर्ज मंजूर केले आहे; मंजुरीपत्राची प्रत सोबत आहे. आम्हाला आपल्याच बँकेत राहायचे आहे. कृपया आमचा स्प्रेड कमी करून सुधारित स्प्रेड व दर लेखी कळवावा. पंधरा दिवसांत कळवणे शक्य नसल्यास कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्यासाठी शिल्लक रकमेचे पत्र व मूळ कागदपत्रांची यादी द्यावी."

यात धमकी नाही, तक्रार नाही. पण शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. शाखेला स्प्रेड कमी करायचे अधिकार बहुतेक वेळा नसतात. ते विभागीय कार्यालयात किंवा कर्ज केंद्रात असतात. शाखेने आमचं पत्र ठेवून घेतलं आणि काहीच हललं नाही. पंधरा दिवसांनी कागदपत्रांच्या यादीचा अर्ज दिला, तेव्हा मुंबईहून फोन आला. जे गिऱ्हाईक यादी मागतं ते जायला निघालंय, एवढं बँकेला कळतं. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी बंद केलं तर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकेला दंड घेता येत नाही. २०१२ पासून तसा नियम आहे. आपल्या हातात जे काही बळ आहे ते या नियमामुळे. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र करारातली दंडाची अट आधी वाचा.

फोनवरच्या बाईंनी ७.९५ देऊ केले, वर रूपांतर शुल्क शिल्लक रकमेच्या अर्धा टक्का आणि जीएसटी. म्हणजे १९,१७५ रुपये. हा पहिला देकार असतो. त्यावर 'हो' म्हणू नये आणि रागवूही नये. मी हिशेब आधीच करून ठेवला होता, तो त्यांना वाचून दाखवला.

दुसऱ्या बँकेत जायचं तर खर्च येतो. महाराष्ट्रात मालमत्तेचे कागद तारण ठेवल्याच्या दस्तावर ०.३ टक्का मुद्रांक शुल्क पडतं, म्हणजे साडेबत्तीस लाखांवर ९,७५०. नोंदणीची सूचना, वकील, मूल्यांकन धरून सगळं बावीस हजारांच्या घरात जात होतं. प्रक्रिया शुल्क त्या बँकेने माफ केलं होतं. ७.९५ आणि ७.५० यांत ०.४५ टक्क्यांचा फरक. साडेबत्तीस लाखांवर पहिल्या वर्षी साडेचौदा हजारांहून जास्त व्याज वाचतं. खर्च दीड वर्षात भरून निघतो. कर्ज अजून चौदा वर्षांहून जास्त उरलेलं. मग आम्ही जाणारच, असं सांगितलं.

दोनतीन दिवसांनी ७.६५ वर आले. शुल्क ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००. आता फरक उरला ०.१५ चा, पहिल्या वर्षी ४,८७५ रुपये. बावीस हजार भरून निघायला साडेचार वर्षांहून अधिक लागले असते. शेवटपर्यंतचा हिशेब केला तर दुसरी बँक थोडी स्वस्तच होती, पन्नासेक हजारांनी. पण ते तेरा वर्षांत पसरलेले, आणि त्यासाठी नवे धनादेश, नवी नोंदणी, मूळ खरेदीखत एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाण्याची काळजी. आम्ही थांबलो. कोणी जायचं ठरवलं असतं तरी मी चूक म्हणणार नाही.

हा भागाकार प्रत्येकाने करावा : जायला येणारा खर्च भागिले पहिल्या वर्षी वाचणारं व्याज. उत्तर दोन वर्षांच्या आत असेल तर बोलण्यात जोर असतो. आणि कर्ज संपत आलं असेल तर फार खटाटोप करू नका. आठ लाख शिल्लक आणि चार वर्षं उरलेली असतील तर एक टक्क्यानेही पहिल्या वर्षी आठ हजारांच्या आतच वाचतात, पुढे त्याहून कमी. अशांनी आपल्याच बँकेला पत्र द्यावं, जे मिळेल ते घ्यावं, बँक बदलू नये.

७.६५ ठरलं तेव्हा आम्हाला वाटलं, झालं. बाईंनी "मॅडम, सिस्टिमला टाकलंय" असं सांगितलं. पुढच्या महिन्याचा उतारा काढला, दर ८.६०. शाखेत विचारलं तर अशी कुठली विनंती नोंदलेलीच नाही. फोनचा नंबर लागेना. ५,९०० भरायला सांगितलं नव्हतं, तेव्हाच शंका यायला हवी होती. शुल्काची पावती नाही म्हणजे रूपांतर नाही. पुन्हा शाखेत अर्ज, पुन्हा तीच जोडपत्रं, या वेळी विनंती क्रमांक घेतला, शुल्क भरलं आणि कर्ज करारावरचं पुरवणी पत्र सही करून मागितलं. त्यात मी एकच गोष्ट बघितली. 'सुधारित दर ७.६५' एवढंच लिहिलेलं होतं. ते बदलून 'रेपो अधिक स्प्रेड २.१५, आजचा दर ७.६५' असं करून घेतलं.

याचं कारण लगेच दिसलं. ५ डिसेंबर २०२५ ला रेपो ५.२५ झाला. बँकेने तीन महिन्यांतून निदान एकदा दर नव्याने बसवावा लागतो. आमचा बसला तेव्हा ७.४० झाला. ५.२५ अधिक २.१५. फक्त ७.६५ लिहून घेतलं असतं तर स्प्रेड किती धरला यावर वाद घालत बसावं लागलं असतं.

एक शेवटची जागा राहिली, आणि तिथे अनेकांचे पैसे जातात. दर उतरला की बँकेची यंत्रणा आपण काही सांगितलं नाही तर काही वेळा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करते. आमचा ३२,३८० चा हप्ता ३०,५९० झाला होता. घरात आनंद झाला, महिन्याला अठराशे वाचले म्हणून. रूपांतराच्या वेळी आमचे १७८ हप्ते उरले होते. कमी केलेल्या हप्त्याने तेवढेच महिने फेडलं तर ७.६५ दराने एकूण ३ लाख २० हजारांच्या आसपास वाचतात. पण जुनाच हप्ता चालू ठेवला तर १६१ हप्त्यांत कर्ज संपतं. सतरा हप्ते गेले. एकूण बचत साडेपाच लाखांहून अधिक. दर तोच, बँक तीच, फरक फक्त एका अर्जाचा. आम्ही हप्ता पूर्ववत करून घेतला. ज्यांना महिन्याची ओढाताण आहे त्यांनी कमी हप्ता घ्यावा, त्यात गैर काही नाही. पण ते आपण ठरवावं, यंत्रणेने नाही. हप्ता बदलायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलेलं आहे. दर तिमाहीला बँकेने एक विवरण द्यायचं असतं. त्यात आजवर गेलेलं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि दर असतो. ते येत नसेल तर मागून घ्या. हप्ता तोच ठेवूनही उरलेल्या हप्त्यांचा आकडा घटलेला नसेल तर लगेच शाखेत जा.

बँकेने नाहीच म्हटलं तर? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा विचार आमच्याही मनात आला होता. दिरांनी तो तिथेच थांबवला. कोणाला किती दराने कर्ज द्यायचं हा बँकेचा व्यापारी निर्णय आहे, लोकपाल त्यात पडत नाही. कबूल केलेला स्प्रेड न लावणं, शुल्क घेऊन रूपांतर न करणं, कर्ज फेडल्यावर कागद अडवून ठेवणं, यासाठी मात्र लोकपालाचं दार आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि तीस दिवस थांबायचं. कर्ज पूर्ण फेडल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. दुसऱ्या बँकेत जाणाऱ्यांनी हा नियम कागदांच्या यादीबरोबरच खिशात ठेवावा.

आज घरी गेलात की कपाटातून मंजुरीपत्र काढा आणि त्यात स्प्रेडचा आकडा शोधा. तो अडीचच्या वर असेल आणि हप्ते वेळेवर जात असतील, तर पत्र लिहायला घ्या. दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख पडल्याशिवाय तिथून उठू नका.